मोडीचा हिशोब

सराफाच्या काट्यावर जुना दागिना ठेवला की जो आकडा दिसतो, तो हिशोबातला पहिला आकडा असतो. गिऱ्हाईक मात्र त्यालाच दिवसाच्या भावाने गुणून मनात रक्कम ठरवून टाकते. थोड्या वेळाने कागदावर वेगळीच रक्कम येते, सराफ म्हणतो, "जुनं सोनं आहे ताई, घट जाणारच," आणि आपण मान डोलावतो. ही घट म्हणजे एकच एक वजावट नसते. तिच्यात दोरा-लाखेसारखे मुळात सोने नसलेले वजन असते, सोन्यात मिसळलेली तांबे-चांदी असते, आणि कधी कधी चांगले सोनेही असते, फक्त त्याचे पैसे आपल्याला मिळालेले नसतात. पहिल्या दोन वजावटी रास्त आहेत. तिसरी ओळखायची कशी, ते एका दागिन्याच्या हिशोबातून पाहू.

दागिना घेऊ लाखेवरची बोरमाळ. आजीच्या पेटीत असते तशी, रेशमी दोऱ्यात ओवलेली, मागे गोंडा असलेली. मोडीत ज्या ज्या वजावटी होऊ शकतात, त्या बहुतेक सगळ्या या एका माळेत भेटतात. भाव रोज बदलतो, म्हणून आकडेमोडीपुरता शुद्ध म्हणजे २४ कॅरट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. २२ कॅरटच्या दागिन्यात हजार भागांत ९१६ भाग सोने असते, म्हणून त्याचा भाव ९,१६० रुपये. तुम्ही जाल त्या दिवशीचे आकडे या जागी घातले की झाले.

माळ काट्यावर ३१.४०० ग्रॅम भरली. हे ढोबळ वजन. आता बोरमाळेचे मणी भरीव नसतात. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या करून त्या जोडतात आणि मणी चेपू नये म्हणून आत लाख भरतात. दोरा आणि गोंडा वेगळाच. यातले काहीच सोने नाही, तेव्हा ते वजा होणार यात वाद नाही. वाद होतो तो किती वजा करायचे यावर. गर्दीच्या वेळी सराफ अंदाज सांगतो: "लाखेचे दहा-अकरा ग्रॅम धरू." मणी किती जाड पत्र्याचे आहेत यावर लाखेचे प्रमाण ठरते, आणि ते बाहेरून पाहून अनुभवी माणसालाही नेमके सांगता येत नाही. अंदाज दोन ग्रॅमने चुकला तर आपल्या हिशोबात सतरा-अठरा हजारांचा फरक पडतो. म्हणून अंदाजावर सौदा करू नये. दोरा काढून, मणी चेपून, आच देऊन लाख जाळून टाकायला सांगावे आणि उरलेला पत्रा पुन्हा तोलावा. आपल्या माळेतून असा २२.६०० ग्रॅम पत्रा निघाला. म्हणजे ८.८०० ग्रॅम दोरा आणि लाख होती.

मंगळसूत्राचेही असेच. काळे मणी अंदाजाने वजा करण्यापेक्षा दोरा कापून ते बाजूला काढणे पाच मिनिटांचे काम आहे. खडे असतील तर ते काढून तोलावेत आणि परत मागावेत. त्यांचे वजन कापले याचा अर्थ ते सराफाने विकत घेतलेले नाहीत, ते आपलेच आहेत. एखादा जुना माणिक किंवा मोती असा विसरून दुकानात राहतो आणि नंतर त्याची आठवण काढून उपयोग नसतो.

जुनी पावती सापडली तर ती याच टप्प्यावर काढावी. निव्वळ वजन तिच्यावर वेगळे लिहिलेले असेल तर मोठाच आधार मिळतो. फक्त वजनाचे एकक पाहा. फार जुन्या पावत्यांवर तोळे, मासे, गुंजा असतात. तो तोळा ११.६६४ ग्रॅमचा, बारा माशांचा. आज दुकानात बोलताना तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. 'दोन तोळ्यांची माळ' जुन्या मापाने २३.३ ग्रॅम होते, आजच्या मापाने २०.

पुढचा टप्पा वितळवण्याचा. पत्रा मुशीत घालतात, वर टाकणखार टाकतात आणि आच देतात. सोने १,०६४ अंशांना वितळते. टाकणखार मळ आणि गंजलेला अंश स्वतःकडे ओढून घेतो. थंड झाल्यावर जी गोळी किंवा लगड निघते ती तोलली तर आपल्या माळेची २२.००० ग्रॅम भरली. सहाशे मिलीग्रॅम गेले कुठे? सोने आचेने जळत नाही, उडून जात नाही. गेला तो सांदीकोपऱ्यात उरलेल्या लाखेचा अंश, वर्षानुवर्षांचा घाम-साबण-धूळ, आणि जोडासाठी वापरलेल्या डाकेतले जस्त किंवा कॅडमियम, जे आचेवर खरोखरच वाफ होऊन उडते. लाखेच्या, बारीक जोडकामाच्या दागिन्यात एवढी तूट बसते. पण साधी, भरीव पाटली वितळवून कोणी एवढी तूट दाखवली तर विचारायला हवे. तिच्यात उडण्यासारखे फारसे काही नसते. अशा वेळी मूस पाहायला मागावी. टाकणखाराच्या काचेसारख्या थरात सोन्याचे बारीक थेंब अडकून राहतात. नीट काम करणारा कारागीर तो थर फोडून थेंब काढतो आणि गोळीबरोबर तोलतो. सराफी पेढीतला आणि सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी विकत नेऊन धुतात आणि त्यातून सोने काढतात. या धंद्यात सोने सहसा हरवत नाही, हात बदलते.

आता टंच. वितळलेल्या गोळीत शंभरात किती भाग सोने आहे, ते काढायचे. आपल्या गोळीचा टंच ८५ आला. इथे घरच्या लोकांना धक्का बसतो: "आम्ही तर बावीस कॅरट म्हणून घेतली होती!" सोनाराने फसवले असेच वाटते. तसे झालेही असेल, पण नेहमी तसे नसते.

दागिन्याचा पत्रा २२ कॅरटचाच असू शकतो. पण दोन पत्रे जोडायला वापरायची डाक ही मूळ सोन्यापेक्षा कमी आचेवर वितळायला हवी, नाहीतर जोड लागण्याआधी दागिनाच वितळेल. म्हणून पूर्वी डाकेत तांबे, चांदी, जस्त बरेच मिसळत. पत्रा ९१.६ टंचाचा आणि डाक त्याच्या निम्म्या टंचाची असली, तर दागिना वितळवल्यावर सगळ्याची सरासरी निघते. जोड जितके जास्त, तितका टंच खाली. त्यामुळे एकाच सोनाराने एकाच सोन्यातून घडवलेली पाटली ९० टंच दाखवते आणि बोरमाळ किंवा ठुशी ८५. पुढे कॅडमियमची डाक आली, जिला बाजारात केडीएम म्हणत. तिच्यात ९२ टक्के सोने आणि उरलेले कॅडमियम, त्यामुळे टंच घसरत नसे. पण कॅडमियमची वाफ कारागिरांच्या फुप्फुसांना घातक, म्हणून हॉलमार्कच्या दागिन्यांत ते चालत नाही. हॉलमार्कचा नियम डाकेसकट संपूर्ण दागिन्याला लागू होतो. म्हणून खऱ्या ९१६ हॉलमार्कचा दागिना मोडताना "डाकेची घट" हे कारण टिकत नाही.

१९६३ ते १९६६ या काळात घडवलेल्या दागिन्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी त्या वेळी १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी केली होती. हे नियम आले तेव्हा मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चोरून घडवलेलेही पुष्कळ असणार, पण त्या वर्षांतल्या लग्नाचा दागिना ५८-५९ टंचाचा निघाला तर आजोबांच्या सोनाराला लगेच दोष देऊ नये.

टंच काढायच्या तीन पद्धती आहेत. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तिच्यावर तेजाब टाकायचे आणि रंगावरून ठरवायचे, ही जुनी. पारखी डोळ्याला ती बरेच सांगते, पण एक-दोन टंचांचा फरक तिच्यावर सोडू नये. आज दुकानात क्ष-किरणांचे यंत्र असते, ज्याला कॅरट मीटर म्हणतात. दागिना आत ठेवला की मिनिटभरात पडद्यावर सोने, चांदी, तांबे यांची टक्केवारी येते. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते फक्त पृष्ठभागाचा अगदी पातळ थर पाहते. वर मुलामा असेल तर आकडा फुगतो. नेमका जोडावर किरण पडला तर आकडा पडतो. म्हणून अख्ख्या दागिन्यावर एकाच जागी घेतलेला आकडा मान्य करू नये, तीन-चार जागी घ्यायला सांगावा. गोळी वितळवून, ढवळून मग यंत्राखाली धरली तर आतून-बाहेरून एकच मिश्रण असल्यामुळे आकडा विश्वासाचा येतो. तिसरी पद्धत भट्टीची: गोळीचा छोटा तुकडा शिसे आणि चांदीबरोबर तापवतात, हलके धातू शिशाबरोबर निघून जातात, उरलेली चांदी नत्राम्लात विरघळते आणि शुद्ध सोने तेवढे मागे राहते. हॉलमार्किंग केंद्रात अंतिम निकाल याच पद्धतीने लागतो.

मोठ्या पेढ्यांबाहेर हे वितळवण्याचे आणि टंचाचे काम गलाईवाले करतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-विटा भागातली माणसे हा धंदा घेऊन देशभर पसरली आहेत. दूरच्या एखाद्या शहराच्या सराफ बाजारात गलाईचे दुकान दिसले तर आत मराठी बोलणारे कोणी तरी भेटण्याचा संभव बराच. सराफाशी त्याचा रोजचा संबंध असतो हे खरे, पण गोळी आपल्यासमोर ओतली आणि तोलली तर त्याचा आकडा सहसा चोख असतो.

तर २२ ग्रॅम गोळी आणि टंच ८५. गुणाकार केला की शुद्ध सोने १८.७०० ग्रॅम. इथपर्यंत जे कापले गेले ते सगळे रास्त. दोरा, लाख, मळ, तांबे, चांदी यांपैकी कशालाही सोन्याचा भाव मागता येत नाही. यापुढे मात्र काय घडते ते नीट पाहायला हवे.

१८.७०० ग्रॅम हे शुद्ध सोने आहे, म्हणून त्याला २४ कॅरटचा भाव लागायला हवा. १०,००० ने गुणले तर १,८७,००० रुपये. पण पुष्कळ ठिकाणी वजन शुद्ध सोन्याचे काढतात आणि भाव २२ कॅरटचा लावतात: १८.७०० गुणिले ९,१६०, म्हणजे १,७१,२९२. तांबे-चांदी वजनातून एकदा वजा झाली, आणि २२ कॅरटचा भाव मुळातच कमी असतो तो तांबे-चांदीमुळेच, म्हणून ती भावातून दुसऱ्यांदा वजा झाली. एका ओळीत १५,७०८ रुपये गेले, आणि कागदावर पाहिले तर कुठेही खोटा आकडा नाही. वजनही खरे, भावही खरा, फक्त त्यांची जोडी चुकीची.

दुसरी रीत सरसकट घटीची. "दुसऱ्या दुकानाचा माल आहे, पाच टक्के घट." न वितळवता, अख्ख्या दागिन्यावर व्यवहार करताना अशी घट धरणे मी समजू शकतो. आत काय आहे ते सराफाला दिसत नाही आणि तो जोखीम घेतो. पण वितळवून, टंच काढून झाल्यावर जोखीम कसली उरली? तरीही १८.७०० वर पाच टक्के कापले तर १७.७६५ ग्रॅम राहते आणि ९,३५० रुपये जातात. दोन्ही रिती एकत्र आल्या तर हाती १,६२,७२७ रुपये येतात. रास्त रकमेपेक्षा २४,२७३ रुपये कमी.

मोडीचा भाव विक्रीच्या भावापेक्षा थोडा कमी असणे, किंवा गलाईचे आणि शुद्ध करण्याचे शेकडा एक-दोन मागणे, यात मला गैर वाटत नाही. ते सराफाचे दुकान आहे, धर्मशाळा नव्हे. फक्त ते त्याने त्या नावाने सांगावे. टंच, घट आणि कमी भाव या तीन दारांनी एकच वजावट आत आणू नये.

आता नव्या दागिन्याकडे वळू, कारण बदल्याच्या व्यवहारात अर्धा हिशोब तिकडे असतो. समजा २० ग्रॅमची २२ कॅरटची एक पाटली घेतली. सोन्याचे १,८३,२००. मजुरी १२ टक्के, म्हणजे २१,९८४. बेरीज २,०५,१८४. तिच्यावर तीन टक्के जीएसटी ६,१५५ रुपये ५२ पैसे. हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३ रुपये १० पैसे. एकूण २,११,३९२ रुपये ६२ पैसे. मोडीचे १,८७,००० वजा जाता २४,३९२ रुपये ६२ पैसे द्यायचे.

जीएसटी फक्त वरच्या फरकावर लागेल अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. आपण जुने सोने सराफाला विकतो तो व्यापार नव्हे, म्हणून त्यावर आपल्याकडून कर घेत नाहीत. पण नवा दागिना ही पूर्ण किमतीची विक्री आहे, तिचे पैसे रोख दिले काय किंवा सोन्यात दिले काय. म्हणून पक्क्या पावतीवर आधी नव्या दागिन्याची संपूर्ण किंमत, मग कर, आणि त्याखाली जुन्या सोन्याची वजावट, असा क्रम असतो. फरकावरच कर लावून देतो म्हणणारा सराफ सवलत देत नसतो, कच्चा व्यवहार करत असतो, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो कागद आपल्या कामाचा नसतो.

"बावीस ग्रॅम दिले, वीस घेतले, वर चोवीस हजार कसले?" हा घरी होणारा प्रश्न. सोने सोन्याशी ताडून पाहा. वीस ग्रॅमच्या पाटलीत शुद्ध सोने १८.३२० ग्रॅम. आपण दिले १८.७००. म्हणजे सोन्यात आपलेच ०.३८० ग्रॅम, ३,८०० रुपयांचे, जास्त गेले आणि ते हिशोबात जमाही झाले. मजुरी, कर आणि हॉलमार्क मिळून २८,१९२ रुपये ६२ पैसे होतात. त्यातून ३,८०० वजा केले की बरोबर वरची रक्कम येते. सोन्यात काहीच बुडाले नाही. आपण पैसे मोजले ते नव्या घडणावळीचे आणि नव्या कराचे. आणि बोरमाळेची त्या काळची घडणावळ माळ मुशीत गेली तेव्हाच संपली. म्हणूनच केवळ फॅशन जुनी झाली म्हणून दर चार वर्षांनी दागिना बदलणे हा महागडा छंद आहे. बोरमाळ नुसती पुन्हा ओवून घेतली असती तर पटव्याचे पैसे तेवढे लागले असते.

"शून्य टक्के घट" अशा पाट्या हल्ली सगळीकडे दिसतात. बहुधा त्या खऱ्या असतात, पण अटींसह. त्याच दुकानाचा दागिना हवा, मूळ पावती हवी, नवा दागिना तेवढ्याच किंवा जास्त वजनाचा घ्यायला हवा, रोख पैसे परत मिळणार नाहीत. शिवाय घट न घेणारे दुकान मजुरी अठरा टक्के लावू शकते. आपल्या उदाहरणात १२ ऐवजी १८ टक्के मजुरी धरली तर करासकट ११,३०० रुपयांच्या वर फरक पडतो, म्हणजे पाच टक्के घटीहून जास्त. म्हणून दोन दुकानांची तुलना घटीवरून करू नये. एकच जुना दागिना आणि एकाच वजनाचा, सारख्या घडणीचा नवा दागिना सांगून वर किती द्यायचे एवढी एक रक्कम दोन्हीकडे विचारावी.

विचारण्याचा क्रमही महत्त्वाचा. दागिना वितळण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: शुद्ध वजनाला कोणत्या कॅरटचा भाव लावणार, टंच काढल्यावर आणखी घट धरणार का, आणि सौदा पटला नाही तर गोळी परत देऊन वितळवण्याचे किती घेणार. गोळी झाल्यावरही ती आपलीच असते आणि उचलून दुसरीकडे नेता येते. अनेकांना हे माहीत नसते, आणि माळ तर गेलीच म्हणून ते मिळेल त्या भावाला होकार देतात. सराफाचा टंच पटला नाही तर भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य माणसालाही सोने तपासून मिळते.

नवा दागिना घेताना त्यावर ब्युरोचे चिन्ह, 22K916 सारखा शुद्धतेचा ठसा आणि सहा अक्षर-अंकांचा HUID क्रमांक, अशा तीन खुणा भिंगातून पाहाव्यात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या भागात या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. क्रमांक 'BIS Care' या मोबाइल ॲपमध्ये घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. पाटलीचा क्रमांक घातल्यावर अंगठी दिसली तर तिथेच थांबावे. हॉलमार्कचा दागिना पुढे कमी शुद्धतेचा निघाला, तर वजनाच्या हिशोबाने जेवढी तूट त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला द्यावा, असा ब्युरोचा २०१८ चा नियम आहे. त्यासाठी पक्की पावती हवी. तिच्यावर निव्वळ वजन, कॅरट, त्या दिवसाचा भाव, मजुरी आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहिलेले हवे, आणि जुन्या सोन्याच्या कागदावर ढोबळ वजन, गोळीचे वजन, टंच आणि लावलेला भाव. एवढे चार आकडे जो सराफ लिहून देत नाही, त्याच्याकडे दागिना मोडू नका.